चप्पल, बरणी आणि साज: कॅमेरा किती वर, किती लांब

प्रश्न: "आम्ही कोल्हापुरी चपला, घरचा कांदा-लसूण मसाला आणि एक ग्रॅम सोन्याचा साज ऑनलाइन विकतो. फोटो मी घरीच मोबाईलवर काढते. चपलेचा पंजा भलताच मोठा दिसतो, मसाल्याची बरणी खाली निमुळती दिसते. लो अँगल, टॉप अँगल, थ्री-क्वार्टर यातलं कशाला काय वापरायचं? प्रत्येक जण वेगळंच सांगतो."

ताई, तुम्हाला दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोघांनाही 'अँगल' म्हटल्यामुळे गोंधळ होतोय. बरणी खाली निमुळती दिसते, कारण तुम्ही उभ्यानं, वरून खाली बघत फोटो काढताय. तो अँगलचा दोष. चपलेचा पंजा मोठा दिसतो तो मात्र अँगलचा दोष नाही, अंतराचा आहे. तुम्ही फार जवळ जाताय. हे आधी सुटं करून घेतलं नाही तर कितीही अँगल बदला, पंजा मोठाच राहणार. म्हणून आधी अंतराचं सांगतो, मग एकेका वस्तूकडे येतो.

मोबाईलची नेहमीची लेन्स बरीच वाइड असते. चप्पल फ्रेमभर दिसावी म्हणून आपण नकळत हातभर अंतरावर जातो. समजा पंजा लेन्सपासून 35 सेंटिमीटरवर आहे. चप्पल तिरकी ठेवल्यावर टाच त्याहून साधारण 15 सेंटिमीटर मागे जाते, म्हणजे 50 सेंटिमीटरवर. जवळची गोष्ट मोठी आणि लांबची लहान दिसते ती याच प्रमाणात. म्हणजे टाच आहे त्याच्या 70 टक्केच दिसणार. आता तीच चप्पल, तसाच अँगल, पण तुम्ही 140 सेंटिमीटरवर गेलात. पंजा 140 वर, टाच 155 वर. आता टाच 90 टक्के दिसते, आणि डोळ्याला ती बरोबर वाटते. दुकानात उभं राहून खाली ठेवलेल्या चपला आपण साधारण एवढ्याच अंतरावरून बघतो, त्यामुळे हेच रूप आपल्या ओळखीचं असतं.

मागे गेल्यावर चप्पल फ्रेममध्ये लहान दिसेल, त्याला घाबरू नका. मोबाईलवर 2x किंवा 3x असेल तर ते लावा. वेगळी लेन्स नसेल तर साधा फोटो काढून नंतर कापा. कापल्यानं आकार बिघडत नाही, फक्त बारकावा थोडा कमी होतो, आणि ऑनलाइन यादीच्या फोटोला तेवढा पुरतो. माझ्याकडे मोठा कॅमेरा आहे, त्यावर मी 85 ते 100 मिलिमीटरची लेन्स लावतो. ती का, तर ती मला मागे उभं राहायला लावते म्हणून.

आता अँगल. मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: गिऱ्हाईक ही वस्तू हातात घेतल्यावर आधी कुठली बाजू बघतं? साजाची सगळी कारागिरी एकाच सपाटीवर असते, समोरच्या अंगाला. बरणीची माहिती उभ्या अंगावर असते, म्हणजे लेबलवर. चपलेची अडचण अशी की तिचं निम्मं सांगणं वरच्या अंगाला आहे आणि निम्मं कडेला. कॅमेरा जेवढा वर न्याल तेवढं वरचं अंग उघडतं आणि कडा मिटते. खाली आणाल तेवढं उलट होतं. थ्री-क्वार्टर म्हणजे या दोन अंगांत केलेली वाटणी. ती वाटणी कशी करायची ते वस्तूवर ठरतं.

शिवाजी उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्यांसाठी मी कास्टिंगचे कॅटलॉग करतो. तिथं हे फार लवकर शिकायला मिळालं. फ्लँजचा, म्हणजे पाइप जोडायच्या भोकांच्या चकतीचा, फोटो मागणारा इंजिनिअर आधी बोल्टची भोकं मोजतो. म्हणून पहिला फोटो बरोबर समोरून, भोकं गोल दिसतील असा. जाडी दाखवायला दुसरा, तिरका. समोरून जाडी दिसत नाही आणि तिरका घेतला की भोकं लंबगोल होतात. एका फोटोत दोन्ही बसवायचा हट्ट धरला की दोन्ही अर्धवट राहतात.

चपलेला मात्र पहिल्या फोटोतच दोन्ही थोडं थोडं द्यावं लागतं, कारण यादीत गिऱ्हाईक तेवढा एकच फोटो बघून पुढे सरकतं. कोल्हापुरी चपलेत वरून काय दिसतं? पट्टा, त्यावरची वेणी, अंगठा, गोंडा असला तर गोंडा. कडेनं काय दिसतं? तळाची जाडी, चामड्याचे थर, वादीची शिलाई आणि टाच. दोन्ही बाजूंना निघालेले कान या दोन अंगांच्या मध्ये आहेत. ते फक्त वरूनही नीट कळत नाहीत आणि फक्त कडेनंही नाहीत.

एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका दुकानाची सगळी चप्पल मी टॉप अँगलनं काढून दिली. खाली पांढरा कागद, वर कॅमेरा, एकसारख्या ओळीत सुंदर दिसत होतं. महिन्याभरात दुकानदार वैतागून आले. रोज फोन यायचे: टाच किती आहे? तळ किती जाड? एकाच वेणीच्या दोन चपला होत्या, एक पातळ तळाची आणि एक जाड. फोटोत त्या हुबेहूब सारख्या दिसत होत्या. लोकांनी पातळ समजून जाड मागवली, आणि परत पाठवली. फोटो स्वच्छ होता, रंग बरोबर होता, पण किंमत ज्या गोष्टीमुळे बदलत होती तीच त्यात नव्हती. सगळं पुन्हा काढून दिलं.

तेव्हापासून चपलेचा पहिला फोटो मी टेबलाच्या पातळीपासून साधारण 35 अंश वरून घेतो. का 35, ते बघा. बरोबर 45 अंशांवर वरचं अंग आणि कडा दोन्ही सारखेच, साधारण 70 टक्के उघडतात. पण वरचं अंग मुळातच पसरट आहे आणि तळ जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा. सारखी वाटणी केली तर तळ बिचारा बारीक रेघ होऊन जातो. 35 वर आलात की कडा 82 टक्के दिसते आणि वरचं अंग 57 टक्के. वेणी मोठी असल्यामुळे तिला तेवढं पुरतं, आणि तळाला जरा न्याय मिळतो.

अंश मोजायला उपकरण लागत नाही. ज्या टेबलावर चप्पल ठेवलीय त्याच्या पातळीपासून लेन्स 80 सेंटिमीटर वर, आणि चपलेपासून आडवं अंतर 115 सेंटिमीटर. झाले 35 अंश. गंमत म्हणजे या मापात लेन्स ते चप्पल थेट अंतर 140 सेंटिमीटर येतं, म्हणजे वर सांगितलेली अंतराची अटही पाळली जाते. मी एक सुतळी ठेवलीय, तिला 140 वर गाठ मारलीय. एक टोक चपलेच्या कानाला लावायचं, गाठ लेन्सला टेकली की अंतर झालं. फोन हातात धरू नका. साधा ट्रायपॉड घ्या, आणि त्याच्या तीन पायांखाली फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करा. पुढच्या आठवड्यात नवा माल आला की त्याच खुणांवर ट्रायपॉड ठेवायचा. सगळी ओळ एकाच अँगलची असली की गिऱ्हाईक दोन चपला एकमेकींशी ताडून बघू शकतं. खरं तर 35 की 40 यापेक्षा हे सातत्य जास्त कामाचं आहे.

उंची ठरली, आता वळण. चप्पल किती फिरवायची? तिला आधी पूर्ण आडवी ठेवा, कड तुमच्याकडे. या स्थितीत अंगठा नुसती एक उभी पट्टी दिसतो. आता पंजा हळूहळू तुमच्याकडे वळवा. एका ठिकाणी अंगठ्याच्या आतली पोकळी उघडायला लागते, पाय कुठून आत जाणार ते कळतं. त्याच सुमाराला पलीकडचा कान पट्ट्यामागून डोकावतो. तिथं थांबा. बहुतेक चपलांना हे 35 ते 45 अंशांच्या दरम्यान येतं, पण अंश मोजत बसू नका, अंगठ्याकडे बघा. आणखी वळवलंत तर पंजा सरळ कॅमेऱ्यावर येतो, चप्पल आखूड दिसते आणि टाच नाहीशी होते.

जोडी ठेवायची तर पुढची चप्पल अशी तिरकी, आणि मागची थोडी जास्त आडवी, दोन बोटं अंतर ठेवून. दोन्ही तंतोतंत एकाच दिशेला ठेवल्या की मागची फक्त गर्दी करते. ज्या पोर्टलवर विकणार त्याचे नियम मात्र आधी वाचा. काही ठिकाणी पहिल्या फोटोत एकच पाय लागतो आणि तोंड कुठल्या बाजूला हवं तेही ठरलेलं असतं. तिथं माझं मत चालत नाही, नियम चालतो.

आता यात बदल कधी करायचा? जाड तळाची, दणकट चप्पल असेल तर कॅमेरा 25 अंशांपर्यंत खाली आणा, कारण तिची ओळखच तळ आहे. लेन्स 60 सेंटिमीटर वर आणि आडवं अंतर 130 धरलं की जमतं. उलट बायकांच्या नाजूक, बारीक वेणीच्या आणि पातळ तळाच्या चपलेला 45 पर्यंत वर जा, म्हणजे दोन्ही मापं साधारण 100. तळात दाखवण्यासारखं काही नाही, सगळं वेणीत आहे.

टॉप अँगल चपलेला दुसरा किंवा तिसरा फोटो म्हणून जरूर द्या. रुंदी आणि पंजाचा आकार त्यातच खरा दिसतो. शेजारी मोजपट्टी ठेवली तर मापाचे प्रश्न निम्मे होतील. लो अँगल, म्हणजे लेन्स जवळजवळ टेबलाला टेकवून, एक फोटो कडेनं घ्या. त्यात थर, वादीची शिलाई आणि टाच खरीखुरी दिसते. पण लेन्स जमिनीजवळ ठेवून पंजाच्या समोरून वर बघणारा जो रुबाबदार फोटो असतो, तो बॅनरला ठेवा. त्यात वेणी दिसत नाही, आणि गिऱ्हाइकाला चप्पल आहे त्याहून जाड वाटते.

बरणीचं लवकर सांगून होईल, कारण तिथं निर्णय सोपा आहे. बरणीला सरळ समोरून बघायचं. लेन्सची उंची लेबलाच्या मध्याइतकी, आणि फोन बरोबर उभा, पुढे-मागे कललेला नको. फोन खाली कलला की बरणीच्या उभ्या कडा खाली एकमेकींकडे येतात. तुमचं निमुळतेपण तेच. 45 अंशांवरून बघितलं तर आणखी एक नुकसान होतं: लेबलाची उंची 30 टक्के कमी दिसते आणि अक्षरं चेपतात. नाव वाचता येत नाही, आणि नजर झाकणावर जाते.

चुकतंय की नाही हे ओळखायला लेबलाच्या खालच्या कडेकडे बघा. ती सरळ रेघ दिसली तर लेन्स त्या कडेच्या उंचीला आहे. हसऱ्या ओठांसारखी, मध्ये खाली झुकलेली दिसली तर लेन्स तिच्या वर आहे. मध्ये वर उचललेली दिसली तर खाली. लेन्स लेबलाच्या मध्याला असली की खालची कड किंचित हसरी आणि वरची किंचित उलटी दिसते, दोन्ही बाक सारखे. तोच बरोबर मध्य. ट्रायपॉड एवढा खाली जात नसेल तर बरणीच वर उचला. एखाद्या खोक्यावर ठेवा, हे नेहमीच सोपं पडतं.

झाकणावर काही छापलेलं असेल किंवा काचेतून मसाल्याचा लाल रंग वरून छान दिसत असेल तर 10 ते 15 अंश वर जायला हरकत नाही. एवढ्यानं लेबल फक्त 2-3 टक्क्यांनी चेपतं, कुणाला कळतही नाही, आणि बरणीला गोलाई येते. अट एवढीच की अंतर मीटर-दीड मीटर ठेवा, म्हणजे कडा निमुळत्या होणार नाहीत. मसाला कसा आहे हे दाखवायला वाटीत काढून वेगळा फोटो घ्या, 45 अंशांवरून. बरोबर वरून घेतला तर ढीग सपाट दिसतो, भरड किती बारीक किती ते कळत नाही. फार खालून घेतला तर वाटीची कड मध्ये येते. गुळाच्या ढेपेलाही हाच तिरका अँगल, फक्त एक कोपरा फोडून ताजी बाजू कॅमेऱ्याकडे करायची.

साज मात्र टॉप अँगलचाच. आणि तिथं खरी अडचण अँगलची नसून चकाकीची आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

पारंपरिक साजात 21 पानं सांगतात. हल्ली त्याहून कमी असतात, पण मासा, कासव, शंख, चंद्र, भुंगा अशी प्रत्येक पानाची ओळख वेगळी, आणि विकत घेणाऱ्या बायका ती एकेक करून बघतात. साज तिरका बघितला तर जवळची पानं मोठी, लांबची लहान, आणि लांबची अस्पष्टही, कारण इतक्या जवळून सगळं एकदम फोकसमध्ये येत नाही. बरोबर वरून बघितलं की सगळी पानं लेन्सपासून साधारण सारख्याच अंतरावर येतात. मासाही स्पष्ट, मागचा फासाही स्पष्ट.

पण चकचकीत सपाट धातू समोर जे असेल ते दाखवतो, आरशासारखा. तुम्ही बरोबर वरून बघताय, म्हणजे वर काय आहे? काळा फोन, तुमचे हात आणि अंधारलेलं छत. म्हणून सपाट पानं फोटोत काळपट येतात आणि सोनं पितळ वाटतं. लोक मग प्रकाश वाढवतात. पण प्रकाश वाढवून छत उजळत नाही, त्यामुळे पानं तशीच काळी राहतात.

उपाय घरचा आहे. एक मोठा पांढरा कार्डशीट घ्या. मध्ये लेन्सपेक्षा जेमतेम मोठं भोक पाडा. तो फोनच्या खाली, लेन्स भोकातून बघेल असा धरा किंवा चिकटवा. आता पानांना वर पांढरं दिसतं, फोन झाकला जातो. प्रकाश बाजूच्या खिडकीतून येऊ द्या, खिडकीवर बटर पेपर लावा. एवढं केल्यावर बघाल, पानं उजळ झाली पण उठाव गेला, सगळं दुधाळ सपाट. मग काळ्या कागदाच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या साजाच्या दोन बाजूंना, फ्रेमच्या जरा बाहेर उभ्या करा. पानांच्या गोलसर कडांवर बारीक काळी रेघ येते आणि माशाचा खवला, कासवाची पाठ उठून दिसते. पट्टी दोन-तीन सेंटिमीटर आत-बाहेर सरकवून बघा, फरक लगेच कळतो.

फोन बरोबर समांतर आहे का, हे नजरेनं कळत नाही. साज एका आयताकृती कागदावर मांडा आणि कागदाच्या चारही कडा फ्रेममध्ये येऊ द्या. फोटोत वरची आणि खालची कड सारख्या लांबीची दिसली तर समांतर. एक लहान दिसली तर त्या बाजूनं फोन दूर गेलाय, तेवढा कलवा. नंतर कडा कापून टाका.

साजाला आणखी दोन फोटो द्या. एक मधल्या दोन-तीन पानांचा, जवळून आणि तिरका, पत्र्याची जाडी कळावी म्हणून. दुसरा गळ्यात घातलेला, लांबी कळावी म्हणून. त्या फोटोत लेन्स गळ्याच्या उंचीला ठेवा. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतला तर साज आखूड दिसतो, आणि मग "फोटोत छोटा वाटला होता" असे निरोप येतात.

तुमच्या तिन्ही मालांत मी सुरुवात चपलेपासून करीन, कारण तिथं माप एकदा बसलं की पुढच्या सगळ्या जोड्या त्याच खुणांवर निघतात. एक जोडी घ्या, 140 च्या सुतळीवर 25, 35 आणि 45 अंशांचे तीन फोटो काढा आणि ते इथंच टाका. तळ किती जाड आहे तेही सेंटिमीटरमध्ये लिहा. त्यावरून तुमच्या मालाला नेमका कुठला बसतो ते सांगता येईल.